आकडे बोलतात तेव्हा: 520, 1314 आणि ‘J1 झालं का?’

नंदुरबार जिल्ह्यातल्या वाहनांच्या पाटीवर सुरुवातीला MH 39 असतं. पुढे अक्षरं येतात आणि शेवटी चार आकडे. या चार आकड्यांत 0214 मिळावा म्हणून महाराष्ट्रात कित्येक वाहनमालक परिवहन कार्यालयात पसंतीच्या क्रमांकाचं जादा शुल्क भरतात. कारण 214 नीट पाहिलं की ‘राम’ दिसतो. 2 चा होतो र, 1 चा काना आणि 4 चा म. 4912 मध्ये ‘पवार’ वाचता येतं, पण तिथे तोच 4 प होतो आणि 9 व. एकच आकडा एका पाटीवर म आणि दुसऱ्या पाटीवर प असला, तरी वाचणारा अडखळत नाही. जो शब्द त्याला आधीपासून माहीत असतो, तो त्याला दिसतो. पूर्वी रंगारी आकड्यांना वळण देऊन हे साम्य आणखी पक्कं करून देत. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली, सगळे आकडे एकाच ठशाचे झाले, तरी हे वाचन टिकून आहे. आकड्याच्या मूळ आकारातच ते दडलेलं आहे.

चीनमध्ये कोट्यवधी माणसं रोज फोनवर आकड्यांनी बोलतात. तिथे आकड्यांतून शब्द काढण्याचं काम कान करतो. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं लिहायचं असेल तर 520 लिहितात. हा आकडा एकेक करून मोठ्याने वाचला की तो त्या वाक्यासारखा ऐकू येतो. मराठीत हा प्रकार डोळ्याने का चालतो, चिनीत कानाने का, आणि कानाने तयार झालेला शब्द दुसऱ्या भाषेत न्यायचा कसा, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीतही कानाने तयार झालेला असा एक शब्द आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे जाण्याआधी 520 उलगडून पाहू.

प्रमाण चिनी भाषेत ५ म्हणजे ‘वू’, २ म्हणजे ‘अर्’ आणि ० म्हणजे ‘लिङ्’. देवनागरीत हे उच्चार जवळपासच उतरतात, पण आपल्या कामापुरते ते पुरेत. ‘मी’ म्हणजे ‘वो’, ‘प्रेम करणे’ म्हणजे ‘आइ’, ‘तू’ म्हणजे ‘नी’. एका बाजूला ‘वू अर् लिङ्’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वो आइ नी’. चिनीत प्रत्येक अक्षराला सूर असतो. प्रमाण भाषेत असे चार सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘वू’ आणि ‘वो’ या दोघांचा सूर तिसरा आहे. ‘अर्’ आणि ‘आइ’ या दोघांचा चौथा. म्हणजे पहिल्या दोन जागी स्वर थोडा हलला तरी सूर जुळतो. तिसऱ्या जागी मात्र सूरही जुळत नाही आणि व्यंजनही जुळत नाही. तिथे मदतीला येतात चीनमधल्या बोली. दक्षिण चीनच्या आणि आसपासच्या अनेक बोलींत ल आणि न यांची सरमिसळ होते, शब्दाच्या शेवटचा ‘ङ्’ हलका होतो, आणि ‘लिङ्’ ‘नी’च्या अगदी जवळ येतो.

1314 चंही तसंच आहे. ‘यी सान यी स्स’ हे आकडे ‘यी शङ् यी श्श’ या शब्दांसारखे ऐकू येतात, आणि त्या शब्दांचा अर्थ ‘एक जन्म, एक आयुष्य’, म्हणजे जन्मभर. इथे मुख्य भिस्त स आणि श एकच मानण्यावर आहे. बीजिंगच्या प्रमाण उच्चारात हे दोन वर्ण वेगळे आहेत, दक्षिणेतल्या अनेकांच्या तोंडी ते एकच होतात. खानदेशातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या अहिराणीत श च्या जागी सर्रास स येतो, ण चा न होतो, डोळ्याला डोया म्हणतात. बोलीभाषेच्या कानाला जे दोन वर्ण एकच वाटतात, त्या सैल जागेत असा खेळ उभा राहतो. शुद्ध उच्चाराचा हट्ट धरला असता तर 1314 जन्मालाच आला नसता.

मग मराठीत 520 सारखं काही का घडत नाही? एक कारण आपल्या मोजण्यात आहे. आपण 520 ला ‘पाच दोन शून्य’ म्हणत नाही, ‘पाचशे वीस’ म्हणतो. फोन नंबर सांगतानाही मराठी माणूस आकड्यांच्या जोड्या करतो, आणि ९८ आलं की ‘अठ्ठ्याण्णव’ म्हणतो. चिनी माणूस असा नंबर सुटे आकडे उच्चारूनच सांगतो, आणि ० ते ९ यांतल्या प्रत्येकाचं नाव एका अक्षराचं आहे. दुसरं कारण जास्त खोल आहे. सूर सोडले तर प्रमाण चिनीत उच्चारांचे सुमारे ४०० नमुनेच आहेत, आणि बहुतेक प्रत्येक उच्चार म्हणजे स्वतंत्र अर्थाचा तुकडा. शब्दाला विभक्ती लागत नाही, क्रियापदाला लिंग-वचन लागत नाही. त्यामुळे कुठलेही तीन आकडे घेतले तरी ते कोणत्या तरी तीन शब्दांजवळ पोहोचतात. मराठीत अर्थाचा निम्मा भार प्रत्ययांवर असतो. ‘तू’चा ‘तुझ्यावर’ होतो, ‘करणे’चं ‘करतो’ किंवा ‘करते’ होतं. ‘पाच’, ‘सात’, ‘आठ’ या आवाजांतून हे प्रत्यय निघणं शक्य नाही.

म्हणून आपले जुने बोलके आकडे बहुधा डोळ्यावर किंवा आठवणीवर उभे आहेत. छत्तीसचा आकडा का? कारण देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. सातबारा हा शब्द गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ या दोन कागदांवरून आला आणि इतका रुळला की ‘सातबारा कोरा’ म्हणताना नमुने कुणाच्या मनातही येत नाहीत. चारशेवीस हा शब्द भारतीय दंडसंहितेच्या फसवणुकीच्या कलमावरून आला. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम ३१८ झालं, पण कुणी कुणाला ‘तीनशेअठरा’ म्हणत नाही. यातला एकही आकडा आवाजामुळे बोलत नाही.

चीनमध्ये या पद्धतीला पेजरने बळ दिलं. १९९० च्या दशकात कमरेला लटकवलेल्या स्वस्त पेजरवर फक्त आकडे दिसत. ज्याला फोन करायचा त्याचा नंबर कळावा एवढाच त्याचा उपयोग. पण आकडे वाचताना शब्द ऐकू येतात हे कळल्यावर लोक त्याच पट्टीवर निरोप पाठवू लागले. आपल्याकडे पैसे वाचवण्यासाठी मिस कॉलची खूण ठरायची, ‘एक रिंग दिली की पोहोचलो समज’ अशी. ती खूण मात्र दोघांतच राहायची, तिसऱ्याला ती समजायची नाही. 520 आधी ठरवून घ्यावं लागत नाही. भाषा येत असली की तो ज्याचा त्याला उकलतो, म्हणून पेजर गेले तरी आकडे राहिले. पुढे त्यांना तारीखही मिळाली. मे महिन्याची २० तारीख म्हणजे 5-20, म्हणून त्या दिवशी चीनमधल्या विवाह नोंदणी कार्यालयांत रांगा लागतात. २०१३ मध्ये जानेवारीच्या ४ तारखेलाही अशीच गर्दी झाली होती, कारण 2013-1-4 मध्ये ‘तुझ्यावर जन्मभर प्रेम’ ऐकू येतं. वुईचॅटवरून शुभेच्छांचं लाल पाकीट पाठवताना एरवी एका पाकिटात २०० युआनपर्यंतच रक्कम घालता येते. २० मेच्या दिवशी ती मर्यादा ५२० पर्यंत वाढवण्यात आली. प्रेमाचा आकडा पैशाच्या व्यवहारात असा शिरला आहे.

आता मराठीकडे येतो. ‘J1 झालं का?’ हे वाक्य मराठी तरुणांच्या फोनवर वर्षानुवर्षं फिरतं आहे. J म्हणजे ‘जे’, 1 म्हणजे इंग्रजी ‘वन’, दोन्ही मिळून ‘जेवन’. प्रमाण लेखनात शेवटी ण हवा. पण खानदेशातच काय, महाराष्ट्राच्या कितीतरी भागांत बोलताना तिथे न च येतो, म्हणून J1 पूर्ण बसतो. चिनी ‘लिङ्’ला ‘नी’पर्यंत पोहोचवणारी बोलीतली सैल जागा आणि मराठी ‘वन’ला ‘वण’ ठरवणारी सैल जागा मुळात एकच. मराठी आकड्यांच्या नावांतून जमलं नाही ते मराठी मुलांनी इंग्रजी आकड्याच्या नावातून साधलं. वर इंग्रजी अक्षराचं नावही जोडीला घेतलं. माझ्या मते चिनी आकडेबोलीचा मराठीतला सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच.

J1 ची हेटाळणी खूप झाली. अनोळखी मुलीला पहिला निरोप ‘हाय, J1 झालं का?’ असा पाठवणाऱ्या मुलांवर विनोदांची मोठी लाट येऊन गेली. अशा निरोपांचा त्रास खरा होता, ते नाकारायचं कारण नाही. पण वाक्य म्हणून त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ‘जेवलास का?’ म्हटलं की समोरचा पुरुष ठरतो, ‘जेवलीस का?’ म्हटलं की स्त्री, ‘जेवलात का?’ म्हटलं की मान द्यावा लागतो. ‘जेवण झालं का?’ यात यातलं काहीच ठरवावं लागत नाही. क्रियापद जेवणाशी जुळतं, माणसाशी जुळवावं लागत नाही. तू की तुम्ही हा अवघड प्रश्न बाजूला राहतो आणि काळजीही दाखवता येते. 520 लाही हीच सोय मिळालेली आहे. तोंडाने सरळ म्हणायला जड जाणारं वाक्य आकड्यामागे उभं राहून म्हणता येतं.

अशा आकडी शब्दांचं दुसऱ्या भाषेत नेताना काय होतं ते पाहण्यासाठी चीनपर्यंत जायला नको. नवापूर रेल्वे स्थानक पुरेसं आहे. महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा या स्थानकातूनच जाते. फलाटावर एक बाक असं आहे की त्याचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात. इथल्या पाट्या आणि घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या चार भाषांत असतात. या बाकावर बसलेल्या दोन माणसांना 214 दाखवला तर मराठी वाचणाऱ्याला ‘राम’ दिसेल आणि गुजराती वाचणाऱ्यालाही दिसेल. गुजराती र सुद्धा 2 च्या वळणाचा आहे, काना तोच आहे, आणि गुजराती लिपीत वरची रेघ नसल्याने आकडे अक्षरांच्या आणखी जवळ जातात. J1 मात्र बाकाच्या मध्येच अडकतो. गुजरातीत जेवणाला ‘जमवानुं’ म्हणतात, त्यात ‘वन’ कुठे बसवणार? मोठ्या भाषांतही हाच नियम दिसतो. आकारावर बांधलेला शब्द लिपी सारखी आहे तोवर चालतो, आवाजावर बांधलेला शब्द भाषा बदलली की थांबतो.

थांबतो तेव्हा तो गप्प राहिला तर ठीक, पण कधी तो भलतंच बोलू लागतो. चिनीत 555 म्हणजे रडणं, कारण ‘वू वू वू’ हा हुंदक्याचा आवाज. थाई भाषेत ५ ला ‘हा’ म्हणतात, म्हणून थायलंडमध्ये 555 म्हणजे ‘हा हा हा’, खदखदून हसणं. एकाच फोनवर एकच 555 बीजिंगहून आला तर सांत्वन करायचं आणि बँकॉकहून आला तर सोबत हसायचं. 88 हा चिनीत ‘बा बा’, म्हणजे इंग्रजी ‘बाय बाय’, निरोपाचा साधा शब्द. युरोपात मात्र नाझीवादाचे समर्थक 88 ही खूण हिटलरच्या जयजयकारासाठी वापरतात, कारण त्या घोषणेतल्या दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर रोमन वर्णमालेत आठवं आहे. जपानीत ३ ला ‘सान’ आणि ९ ला ‘क्यू’ म्हणता येतं, म्हणून 39 मध्ये तिथल्या लोकांना इंग्रजी ‘थँक्यू’ ऐकू येतं. नंदुरबारची गाडी टोकियोत गेली तर तिची पाटी तिथल्या माणसाचे आभार मानेल. तेव्हा आकडे कोणत्या भाषेच्या माणसाने लिहिले आहेत हे कळल्याशिवाय त्यांच्या अर्थाला हात लावू नये.

चिनी मजकूर वाचताना आकडा खरोखर संख्या आहे की शब्द, हे ओळखायची एक चांगली खूण आहे. चिनीत वस्तू मोजताना संख्या आणि नाम यांच्यामध्ये मोजशब्द यावाच लागतो. आपण ‘चार जण’, ‘दोन नग’ म्हणतो तसा, पण तिथे तो जवळपास प्रत्येक ठिकाणी लागतो. संख्येच्या मागे मोजशब्द नाही, पैशाचं किंवा वजनाचं एककही नाही, आणि ती वाक्याच्या शेवटी एकटीच येऊन थांबली आहे, तर ती बहुधा संख्या नाही. मग ती सुट्या आकड्यांत मोठ्याने वाचायची. तरीही फसगत होऊ शकते, कारण एका आकड्याला एकच आवाज नेमून दिलेला नाही. 748 म्हणजे ‘जा, मर’ अशा अर्थाची शिवी, त्यात ७ हा ‘जाणे’ होतो. 7456 म्हणजे ‘रागाने जीव गेला माझा’, त्यात तोच ७ ‘राग’ होतो. आपल्या पाटीवरच्या 4 सारखंच इथेही भोवतालचे आकडेच त्याचा अर्थ ठरवतात.

सगळे आकडे आवाजाने बोलतात असंही नाही. 233 म्हणजे जमिनीवर हात आपटून हसणं, पण कितीही वेळा वाचलं तरी त्यात हसणं ऐकू येणार नाही. चीनमधल्या एका जुन्या संकेतस्थळावर हसणाऱ्या चेहऱ्याच्या चित्राचा तो क्रमांक होता. 996 म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस काम. २०१९ मध्ये चीनमधल्या संगणक अभियंत्यांनी याविरुद्ध आवाज उठवला तेव्हा हा आकडा जगभर गेला. हे दोन्ही आकडे आपल्या सातबाऱ्याच्या कुळातले आहेत. त्यांना आवाजात शोधत बसलं तर काहीच हाती लागत नाही.

आता एक छोटा संवाद मराठीत आणून पाहू. तो मी रचलेला आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा रोजच्या वापरातला आहे. दोघं कोण आहेत, स्त्री की पुरुष, हे मजकुरावरून कळत नाही.

— 5201314
— 666
— आज पण कामावर, 555
— मग 88

पहिल्या ओळीत 520 आणि 1314 जोडून आले आहेत. सरळ भाषांतर ‘मी तुझ्यावर जन्मभर प्रेम करीन’ असं होईल. ‘करीन’ला लिंग नाही, इतपत ठीक. पण वर्तमानकाळात गेलो की ‘करतो’ की ‘करते’ हा प्रश्न उभा राहतो, आणि मूळ मजकुरात नसलेली माहिती भाषांतरात घुसवावी लागते. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हटलं की सुटका होते. मी इथे ‘जन्मभर तुझीच साथ’सारख्या ओळी टाळेन, त्या पत्रिकेवरच्या वाटतात. ‘जन्मभर फक्त तुझ्यावर प्रेम’ हे क्रियापद नसलेलं वाक्य मला बरं वाटतं, कारण आकड्याचा तुटकपणा त्यात राहतो. इथे ‘साता जन्मांचं प्रेम’ लिहायचा मोह होतो. त्यात आकडाही आहे आणि वटपौर्णिमेची आठवणही आहे. पण 1314 मधला जन्म एकच आहे. सहा जन्म पदरचे घालायचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

दुसऱ्या ओळीतला 666 म्हणजे ‘ल्यौ ल्यौ ल्यौ’. हाच आवाज सफाईने, सहज काही करण्याला वापरतात. खेळात कुणी भारी डाव टाकला की बघणारे 666 ची रांग लावतात. याला मराठीत आकडाच तयार आहे: ‘एक नंबर!’ आपली मुलं तो ‘1 नंबर’ असाच लिहितात. अर्थ तोच, वय तेच, लिहिण्याची ढब तीच. आकड्याला आकडा इतका चपखल मिळण्याचा योग क्वचितच येतो.

तिसऱ्या ओळीत 555 आहे. तो तसाच ठेवला तर मराठी वाचक पाचशे पंचावन्न वाचेल आणि गोंधळेल. ‘मी रडतोय’ लिहिलं तर लिंगाचा प्रश्न परत येतो, शिवाय ते फार गंभीर होतं. 555 हे लाडिक रडणं आहे, म्हणून ‘आज पण कामावर, ऊं ऊं’ एवढंच पुरे. शेवटी 88. आपल्याकडे निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, आणि तिथे पुन्हा येतो-येते आडवं येतं. ‘मग चल, भेटू’ म्हटलं की काम होतं. ‘बाय’ही चालेल, कारण मूळ चिनी शब्दही इंग्रजीतूनच आला आहे.

या चार ओळींत एकही आकडा मी जसाच्या तसा ठेवला नाही. पण पहिली ओळ निरोपाऐवजी लाल पाकिटातली रक्कम असती, तर ५२० युआन हा आकडा हलवून चालणार नाही. तिथे आकडा हीच भेट आहे. मग ‘त्याने ५२० युआन पाठवले, म्हणजे न बोलता प्रेम कळवलं’ असं वाक्याच्या ओघातच सांगून टाकावं. तारखेलाही हेच लागू. तळटीप देऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण तळटीप वाचून झाल्यावर कुणाला हसूही येत नाही आणि लाजल्यासारखंही होत नाही.

आकड्याला आकडा मिळाला म्हणून हुरळूनही जाऊ नये. चिनीत बावळट माणसाला 250 म्हणतात. हा शब्द आकडेबोलीच्या किती तरी आधीचा आहे. मराठीत लगेच ‘दीडशहाणा’ आठवतो. पण दीडशहाण्याला आपण जास्त शहाणे आहोत असं वाटत असतं, 250 वाला मुळातच कमी पडतो. म्हणून आकडा सोडून ‘अर्धवट’ म्हणणं बरोबर. 996 ला मराठी जोड नाही, तो 996 म्हणूनच ठेवावा आणि पहिल्यांदा आला की ‘नऊ ते नऊ, आठवड्याचे सहा दिवस’ असं सांगावं. सातबारा चिनीत नेतानाही हेच करावं लागेल.

अक्षरांच्या बाबतीतही थोडं सांगायला हवं. चीनने १९५८ मध्ये आपले उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत अधिकृत केली. फोनवर चिनी लिहिताना बहुतेक लोक हीच रोमन अक्षरं टाइप करतात आणि यंत्र पुढे करेल त्यातलं चिनी अक्षर निवडतात. प्रत्येक शब्दाचं पहिलं रोमन अक्षर दाबलं तरी यंत्राला बऱ्याचदा कळतं. निवडायचाही कंटाळा आला तेव्हा ती पहिली अक्षरंच शब्द बनली. yyds म्हणजे ‘कायमचा देव’. ई-खेळातल्या एका खेळाडूच्या कौतुकातून हे सुरू झालं आणि २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी गेलं. xswl म्हणजे ‘हसून मेलो’. आपणही ‘पु.ल.’, ‘अंनिस’ असं संक्षिप्त बोलतो, पण देवनागरीत अक्षराला स्वर चिकटलेला असतो, म्हणून आपली आद्याक्षरं उच्चारता येतात आणि ऐकून नाव वाटतात. yyds उच्चारायचं तर अक्षर अक्षर सुटं म्हणावं लागतं. म्हणून त्याला मराठी आद्याक्षरांत बसवायच्या भानगडीत पडू नये. xswl साठी ‘हसून हसून मेलो’ आपल्याकडे मुळातच आहे, आणि yyds साठी ‘देवमाणूस’ नको, तो सज्जनासाठी आहे. क्रिकेटच्या मैदानाबाहेर पोरं नुसतं ‘बाप!’ म्हणतात, तेच इथे बसतं.

उलट दिशेने J1 चिनीत न्यायचा असेल तर अर्धी लढाई आधीच जिंकलेली आहे. ‘जेवलात का?’ हे चीनमध्येही भेटल्यावर विचारायचं जुनं वाक्य आहे, ‘छ्श ल मा?’ अशा काहीशा उच्चाराचं. काळजी, सवय, बोलणं सुरू करायचं निमित्त, हे सगळं जसंच्या तसं पोहोचतं. आकड्याची गंमतही हवी असेल तर ७, म्हणजे ‘छी’, हा ‘खाणे’च्या चिनी उच्चाराजवळ आहे, त्याचा उपयोग करून पाहता येईल. प्रत्येक चिनी वाचक तो ओळखेलच याची खात्री मी देणार नाही.

हे शब्द फार लवकर जातात. पेजरवरचे किती तरी आकडे पेजरबरोबर विसरले गेले, आणि J1 सुद्धा आजच्या शाळकरी मुलांना जुना वाटू लागला असेल. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव या तालुक्यांत मराठी, अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजराती अशा भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. या भाषांच्या पोरांनी फोनवर स्वतःचे आकडे आणि आद्याक्षरं नक्कीच घडवली असणार. तुमच्या घरी, वर्गात किंवा गटात असा शब्द असेल तर तो आत्ताच वहीत लिहून ठेवा. जसा टाइप करतात तसाच लिहा, शेजारी तो कसा वाचतात ते लिहा, मग कोणत्या बोलीत, कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या वर्षी ऐकला ते. एवढं असलं की पुढे कुणालाही त्याचा अर्थ लावता येईल आणि त्याचं भाषांतरही करता येईल.